उत्तर: ‘कोन्कूर’चं मूळ

«इराणी बातमीत क-न-क-व-र अशी अक्षरं दिसली. इंग्रजी ‘कॉन्कर’ का?»

नाही, हा फ्रेंच ‘काँकूर’, म्हणजे स्पर्धापरीक्षा. इराणात विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला ‘कोन्कूर’ म्हणतात. फारसीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून पहिला ‘ओ’ गायब. इथला ‘व’ म्हणजे ‘ऊ’. फ्रेंच स्पेलिंगच्या शेवटी ‘एस’ आहे, पण तो उच्चारत नाहीत. फारसीने कानावर पडलं तेच लिहिलं. इंग्रजी ‘कॉन्कोर्स’ असता तर ‘स’ उरला असता. मूळ शोधताना म्हणूनच अक्षरं जुळवत बसू नका, आधी शब्द मोठ्याने म्हणा. ‘आसान्सोर’ (लिफ्ट) म्हणून पाहा, फ्रेंच ‘आसाँसर’ लगेच ऐकू येईल. ‘झ्ह’चं अक्षर असलं, जसं ‘शोफाझ्ह’मध्ये (हीटिंग), तर मी आधी फ्रेंच कोश उघडतो. अर्थात ते अक्षर अस्सल फारसी शब्दांतही येतं.