मदत हवी आहे: सलग हरल्यावर डोकं ठिकाणावर राहत नाही

रविवारची_रेस
गेली सहा वर्षं मी महालक्ष्मी रेसकोर्सला जातो. घरून ठरवून निघतो: आठ रेस, प्रत्येकीला ५०० रुपये, एकूण ४,००० रुपये. परवा पहिल्या पाचही रेस गेल्या. सहावीला एकदम १,५०० लावले, तेही गेले आणि खिसा रिकामा झाला. मग एटीएममधून ५,००० काढले. सातवीत फेव्हरेटवर ३,००० लावले, घोडा अगदी मुंडक्याने हरला. शेवटच्या रेसला उरलेले २,००० अशा घोड्यावर लावले, ज्याचं नावही मी आदल्या रात्री रेसबुकात वाचलं नव्हतं. एकूण ९,००० गेले. त्या क्षणी ‘एवढे गेलेत, आता मागे कसं फिरायचं’ हा एकच विचार डोक्यात असतो. तो तोडायचा कसा?

पॅडॉकजवळचा
हरलं की दुप्पट लावायचं. कधीतरी एक लागतोच आणि सगळं वसूल होतं. तुमची चूक एवढीच की पाच रेस ५००वरच थांबलात.

टोटखिडकी
मी टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या बेटिंग खिडकीवर, बरीच वर्षं काम केलंय. पॅडॉकजवळचा, कधीतरी एक लागतो हे खरं. पण ५००पासून दुप्पट करत गेलं, तर सहा हरल्यावर ३१,५०० गेलेले असतात आणि सातव्या रेसला ३२,००० लागतात. शिवाय टोटवर एवढी रक्कम एकाच घोड्यावर पडली की त्याचा भावच खाली येतो.

रविवारची_रेस, तुमचा घोडा साधारण चारात एकदा लागतो का? तसं असेल तर आठही रेस कोऱ्या जाण्याची शक्यता जवळपास दहा टक्के आहे. म्हणजे सरासरी दर दहा रविवारी एक रविवार असा येतो. परवा काही विपरीत घडलं नव्हतं, पण तुम्हाला तसं वाटलं आणि तिथून हात सुटला.

आता एक विचारतो: शेवटच्या रेसला तोच घोडा का?

रविवारची_रेस
चारास एक भाव होता. ७,००० गेले होते, २,०००चे ८,००० झाले असते. सगळं भरून निघालं असतं.

टोटखिडकी
म्हणजे घोडा तुम्ही निवडलाच नाही, तो नुकसानीने निवडला. ही खूण लक्षात ठेवा. घोडा आधी आणि भाव नंतर बघत असाल तर ठीक. ‘किती भरून काढायचंय’ तिथून सुरुवात झाली की थांबायचं. शेवटच्या रेसला लांब भावाच्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसे पडतात, हे अमेरिकेतल्या रेसकोर्सवरच्या जुन्या अभ्यासांतही दिसलंय. हरलेले सगळे तेच करत असतात, त्यामुळे मिळणारा भाव त्या घोड्याच्या लायकीपेक्षा कमी असतो.

दुसरं, पैसा उलाढालीवर जातो. समजा टोट शंभरातले वीस कापून घेतो. ४,००० फिरवले तर सरासरी ८०० गेले, ९,००० फिरवले तर १,८००. चिडून लावलेला घोडा चांगला असला तरी ही कापणी चुकत नाही.

उपाय घरीच करावा लागतो, खिडकीपाशी उशीर झालेला असतो. आठ पाकिटं करा, प्रत्येकावर रेसचा नंबर आणि घोड्याचं नाव लिहून ५०० ठेवा. पाकिटावर नाव नसेल त्या रेसला पैसे लावायचे नाहीत. एटीएम कार्ड आणि फोनमधलं यूपीआय घरी किंवा सोबतच्या माणसाकडे. दोन रेसच्या मधला अर्धा तास धोक्याचा. तेव्हा पडद्यावरच्या बंगळुरू-हैदराबादच्या रेसकडे न बघता पॅडॉकला जा.

ऑप्शनवाली_ताई
मी रेसला जात नाही, पण शेअर बाजारात एक्सपायरीच्या दिवशी माझं हेच होतं. स्टॉपलॉस लावते आणि तो लागायच्या आधी स्वतःच काढून टाकते. पाकिटाचं मला पटतं, पण मोबाईलवर पाकीट कसं करणार?

पॅडॉकजवळचा
दुप्पटीचा हिशोब मान्य. पण पाकिटावर नाव नाही म्हणून शेवटच्या रेसला पैसेच न लावणं मला तरी जमणार नाही.

टोटखिडकी
ताई, तुमच्या बाजारातलं मला माहीत नाही, तिथलं कोणी सांगेल. पण जी मर्यादा तुम्ही एकटीच काढू शकता, ती उपयोगाची नाही, एवढं नक्की.

रविवारची_रेस
या रविवारी पाकिटं करून गेलो. सहा कोरी गेली, तरी सातव्यापर्यंत टिकलो. मग मित्राकडून १,००० उसने मागितले. त्याने दिले. घरी अजून सांगितलेलं नाही.

टोटखिडकी
सहा रेस टिकलात, म्हणजे पाकीट चालतं. भोक उसनवारीत आहे. मित्राला आजच, शांत डोक्याने सांगा: मी मागितले तरी द्यायचे नाहीत. मात्र उसने घेणं आणि घरी लपवणं दोन्ही सुरू झालं असेल, तर नुसत्या पाकिटांवर थांबू नका. १४४१६वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, पैसे पडत नाहीत. महिनाभर रेसकोर्सवर जाऊच नये, असं माझं मत आहे.

रविवारची_रेस
मित्राला आत्ताच सांगितलं. महिनाभराचं अजून ठरत नाहीये. बायकोशी बोलून उद्या लिहितो.