मदत हवी आहे: टार्गेट चुकलेल्या डिस्ट्रिब्युटरला करार संपवण्याचं पत्र कसं लिहावं?

तापीकाठ (12 जानेवारी 2026)

राम राम मंडळी.

जळगाव एमआयडीसीत आमचा ठिबकच्या नळ्या आणि फिटिंगचा छोटा कारखाना आहे. शहादा आणि तळोदा तालुक्यासाठी एकच डिस्ट्रिब्युटर आहे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वडिलांचे जुने स्नेही. कारखाना नवा होता तेव्हा आमची नळी कोणी दुकानात ठेवत नव्हतं, तेव्हा त्यांनी ठेवली. म्हणून हे लिहिताना मला जड जातंय, पण धंदा थांबलाय हेही खरं.

1 एप्रिल 2024 ला पाच वर्षांचा करार झाला. तिमाहीला 12 लाखांचं टार्गेट. गेल्या तीन तिमाहींची त्यांची खरेदी अशी: एप्रिल ते जून 7 लाख 85 हजार, जुलै ते सप्टेंबर 6 लाख 40 हजार, ऑक्टोबर ते डिसेंबर 8 लाख 10 हजार. मे महिन्यातला बागायती कापूस आणि जूनची केळीची मृगबाग हा आमचा खरा सीझन, तोच हातचा गेला. शेतकरी दुसऱ्या कंपनीची नळी घेऊन गेले.

करारातलं कलम 14 असं म्हणतं: सलग दोन तिमाहीत खरेदी टार्गेटच्या 75 टक्क्यांखाली गेली तर कंपनीने लेखी कळवून सुधारणेसाठी 30 दिवस द्यायचे. सुधारणा झाली नाही तर 60 दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल. दोन्ही मुदती पत्र मिळाल्यापासून. पत्र करारातल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह.

मी केलेला मसुदा: "आपण सलग तीन तिमाही टार्गेट पूर्ण न केल्यामुळे आपली डिस्ट्रिब्युटरशिप आजपासून रद्द करण्यात येत आहे. आपली अनामत रक्कम जप्त करण्यात येईल." वडील म्हणतात हे पाठवू नको. पण का नको ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. एप्रिलअखेर नवा माणूस नेमला नाही तर यंदाचाही मे जाईल. काय करू?

सातपुडा 

भाऊ, एवढा विचार कशाला? डिस्ट्रिब्युटरशिप जबरदस्तीने चालू ठेवायला कोर्ट सांगत नाही. कंपनीला नको असेल तर नको. माल पाठवणं बंद करा, आपोआप समजेल. आम्ही असंच केलं होतं, काही झालं नाही.

गिरणा_पंपिंग 

माझे एका डीलरकडे 1 लाख 90 हजार अडकलेत. त्याचा सिक्युरिटी चेक आहे माझ्याकडे. तुम्ही पण आधी चेक टाका भो, बाऊन्स झाला की सरळ येतात लोक.

तापीकाठ 

दादा, आप्पांकडे आमची थकबाकी नाही. पैसे ते वेळेवर देतात. प्रश्न फक्त टार्गेटचा आणि पत्राचा आहे.

कांदेबाग 

मी बावीस वर्षं एका कंपनीत सेल्स अॅडमिन सांभाळलं, अशी बरीच पत्रं माझ्या टेबलावरून गेली. सविस्तर लिहितो.

सातपुडा म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं होतं. निकाल आला 1990 च्या शेवटी, सगळीकडे 1991 चा म्हणून ओळखला जातो. जो करार नोटीस देऊन संपवता येतो, त्यात डिस्ट्रिब्युटरला पुन्हा बसवा असा आदेश मिळत नाही. पण त्याच निकालात नोटिशीच्या 30 दिवसांच्या कमाईची भरपाई द्यायला लावली होती. म्हणजे नोटीस गिळलीत तर नोटिशीचे पैसे मोजावे लागतात. तुमच्याकडे 30 आणि 60 अशा दोन मुदती आहेत, "आजपासून रद्द" लिहिलंत की दोन्ही बुडवल्या.

आता तुमच्या आकड्यांकडे येतो. 12 लाखांचे 75 टक्के म्हणजे 9 लाख. मला एक सांगा, या नऊ महिन्यांत आप्पांची एखादी ऑर्डर तुमच्याकडून अडली होती का? खरं सांगा, कारण त्यांचा वकील पहिलं तेच विचारेल.

तापीकाठ 

हो. 9 डिसेंबरला त्यांची ईमेलने ऑर्डर आली होती, 1 लाख 30 हजारांची, 16 एमएमची नळी. आमचं एक्सट्रूडर अकरा दिवस बंद होतं. माल गेला तो 3 जानेवारीला, म्हणून बिलही जानेवारीचं.

कांदेबाग 

मग बेरीज करा. 8 लाख 10 हजार अधिक 1 लाख 30 हजार म्हणजे 9 लाख 40 हजार. ही तिमाही 75 टक्क्यांच्या वर गेली! तुमच्या मसुद्यातलं "सलग तीन तिमाही" हे वाक्यच तुमच्यावर उलटलं असतं. माल तुम्ही दिला नाही आणि खरेदी कमी झाली म्हणून दोष त्यांना, हे कुठेही टिकणार नाही.

पत्र पहिल्या दोन तिमाहींवरच उभं करा. 7.85 आणि 6.40, दोन्ही 9 च्या खाली, दोन्ही सलग. कलमाला तेवढंच हवंय. तिसऱ्या तिमाहीचा आकडा दोषात धरू नका, पण लपवूही नका. डिसेंबरची ऑर्डर आमच्याकडून उशिरा गेली हे स्वतःच लिहून टाका.

आणि मुख्य गोष्ट: सुधारणेचं लेखी पत्र तुम्ही अजून दिलेलंच नाही ना?

तापीकाठ 

पत्र नाही. ऑक्टोबरमध्ये वडिलांनी व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं, "आप्पा, जरा जोर लावा." आणि दिवाळीत आम्हीच त्यांचं क्रेडिट 30 दिवसांवरून 45 दिवस केलं.

कांदेबाग 

"जोर लावा" ही नोटीस होत नाही. त्यात कलम नाही, आकडा नाही, मुदत नाही. आणि क्रेडिट वाढवलंत म्हणजे, तुम्ही टार्गेटचं मनावर घेतलं नव्हतं असं ते म्हणू शकतात. म्हणून 60 दिवसांचं पत्र आज लिहायचंच नाही. आधी 30 दिवसांचं लिहा, आणि त्यात एक ओळ घाला: दिवाळीत वाढवलेलं क्रेडिट ही सवलत होती, टार्गेटचा हक्क आम्ही सोडलेला नाही.

30 दिवसांत "सुधारणा" म्हणजे नक्की काय, हे तुमचं कलम सांगत नाही. ते पत्रात सांगा. तिमाहीला 9 लाख म्हणजे महिन्याला 3 लाख. "या 30 दिवसांत किमान 3 लाखांची खरेदी व्हावी, त्यासाठी लागणारा माल आम्ही तयार ठेवला आहे." आणि माल खरोखर तयार ठेवा.

धुळेकर_एजन्सी 

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, स्वतः डिस्ट्रिब्युटर शे. तीन वर्षांपूर्वी एका पशुखाद्य कंपनीने मला फोनवर सांगितलं, उद्यापासून गाडी येणार नाही. गोडाऊनमध्ये 410 पोती पडली होती. पावसाळ्याचे दिवस. गोणीला हात लावला तर खाली ओल, वर जाळी. सोळा पोती मी स्वतः खड्ड्यात टाकली. पैसे गेले त्यापेक्षा ज्या दुकानदारांना मी शब्द दिला होता त्यांच्यासमोर उभं राहणं कठीण होतं.

तुमच्या आप्पांकडे किती माल पडलाय ते विचारलं का? पत्रात मालाचं काय करणार ते तारखेसह लिहा. बाकी माणूस सहन करून घेतो.

तापीकाठ 

दादा, वाचून वाईट वाटलं. आप्पांकडे साधारण 4 लाखांचा माल असेल. करारात न फोडलेली बंडलं बिलाच्या भावाने परत घेण्याचं कलम आहे, ते पत्रात नक्की लिहितो.

अजून एक अडचण. पोस्टात गेलो तर बाई म्हणाल्या, रजिस्टर पोस्ट आता वेगळं होत नाही. आणि करारातला पत्ता शहाद्याच्या जुन्या दुकानाचा आहे, आप्पांचं गोडाऊन आता प्रकाशा रोडला गेलंय.

कांदेबाग 

बरोबर सांगितलं त्यांनी. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. स्पीड पोस्टालाच रजिस्ट्रेशन आणि पोचपावती जोडून मागा, आणि पावती जपून ठेवा. करारातल्या पत्त्यावर एक पाकीट जायलाच हवं, पत्ता बदलल्याचं त्यांनी लेखी कळवलेलं नसेल तर तोच खरा पत्ता. दुसरं गोडाऊनवर, शिवाय ईमेल. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा होऊन परत आलं तर फोडू नका, बंदच ठेवा.

तारखा मोजून देतो. समजा पहिलं पत्र 17 जानेवारीला मिळालं. मिळाल्याचा दिवस सोडायचा, 18 पासून मोजायचं, 30 वा दिवस 16 फेब्रुवारी. तोवर 3 लाख झाले नाहीत तर 18 ला दुसरं पत्र टाका. ते 20 ला मिळालं तर 60 वा दिवस 21 एप्रिल. नवा माणूस 22 एप्रिलपासून, तुमचा मे वाचतो. पण 21 पर्यंत शहादा-तळोद्यात दुसऱ्या कोणाला एक बंडलसुद्धा बिल करू नका, तो भाग त्यांचा आहे.

दुसऱ्या पत्राचा गाभा असा ठेवा:

"दि. 1 एप्रिल 2024 च्या करारातील कलम 14 नुसार हे पत्र देत आहोत. एप्रिल ते जून 2025 मध्ये आपली खरेदी 7,85,000 रुपये आणि जुलै ते सप्टेंबर 2025 मध्ये 6,40,000 रुपये झाली. दोन्ही तिमाहींत ती टार्गेटच्या 75 टक्क्यांपेक्षा, म्हणजे 9,00,000 रुपयांपेक्षा कमी आहे. आमचे सुधारणेचे पत्र आपल्याला दि. ... रोजी मिळाले. त्यातील 30 दिवसांत आपली खरेदी ... रुपये झाली. म्हणून हे पत्र मिळाल्यापासून 60 दिवस पूर्ण होताच करार संपेल. तोपर्यंत आपल्या ऑर्डरी नेहमीच्या अटींवर पूर्ण केल्या जातील. शिल्लक मालाची मोजणी दि. ... रोजी आपल्या गोडाऊनवर दोघांसमोर होईल, न फोडलेला माल बिलाच्या भावाने परत घेऊ. अनामतीचा हिशोब त्यानंतर 30 दिवसांत देऊ."

"जप्त" शब्द काढा. तुमचं काही येणं नाही, मग अनामत कशाच्या बदल्यात ठेवणार? "निष्काळजी", "विश्वासघात" असलंही काही नको.

सातपुडा 

पण 30 दिवसांत आप्पांनी 3 लाखांचा माल उचलला आणि नंतर पुन्हा गप्प बसले तर? सगळं पहिल्यापासून?

कांदेबाग 

त्यांनी 3 लाख केले तर या वेळी करार संपवता येणार नाही, ते मान्य करावं लागेल. पुढच्या दोन तिमाहींची वाट पाहायची. काही वकील म्हणतील की पहिलं पत्र एकदा दिलं की पुरे, मला ते पटत नाही. कलमाचे मूळ शब्द बघितल्याशिवाय कोणी ठाम सांगू नये. जळगावातल्या वकिलाला करार दाखवाच.

तापीकाठ (14 जानेवारी 2026)

काल वडिलांना घेऊन शहाद्याला गेलो होतो. पत्र पोस्टाने येईल हे आधी तोंडी सांगितलं. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वहीच काढली: मे महिन्यात तळोद्याच्या चार दुकानांना त्यांनी दिलेली उधारी अजून वसूल झालेली नाही, म्हणून नवा माल उचलायला त्यांच्याकडे पैसा नव्हता. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

30 दिवसांचं पत्र आज दोन्ही पत्त्यांवर टाकलं, 3 लाखांच्या ओळीसह आणि डिसेंबरच्या उशिराच्या कबुलीसह. 16 एमएमची साठ बंडलं त्यांच्या नावाने बाजूला काढून ठेवली आहेत. 60 दिवसांचं पत्र टाइप करून ठेवलंय, तारखेच्या जागा रिकाम्या आहेत.