स्कूबाचा ड्रेस आणि निओप्रीनचा नी-कॅप

"सांगलीच्या उन्हात स्कूबा कापडाचा ड्रेस फार उकडतो. निओप्रीनच्या नी-कॅपबरोबर मशीनला लावून गच्चीवर वाळत घातला तर चालेल का?"

ताई, एकत्र नको. नी-कॅपची कापलेली कड बघा, मध्ये स्पंजसारखं रबर दिसेल. त्यातल्या बंद बुडबुड्यांमुळे ऊब टिकते. ड्रेसमध्ये रबर नसतंच. तो साधारण मिलिमीटरभर जाडीचा, दुहेरी विणीचा पॉलिएस्टर-स्पॅन्डेक्स. घाम शोषत नाही म्हणून उकडतो. एप्रिलमध्ये संध्याकाळच्या लग्नापुरताच ठेवा! तो उलटा करून गार पाण्यात, डेलिकेटवर मशीनला चालेल.

नी-कॅप मात्र हातानेच, सौम्य साबणाने धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि उलटसुलट करत सावलीत वाळवा. गच्चीवरच्या उन्हाने रबर कडक होतं. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या की तो बदलायचा.