मराठी मेलची साखळी इंग्रजीवाल्यांकडे पाठवताना काय उडवायचं?

घाईतला_परचेसवाला: चेन्नईच्या कस्टमरला १४ मेलची मराठी साखळी फॉरवर्ड करायची आहे. नमस्कार-चमत्कार, सह्या, गणपतीच्या सुट्टीच्या गप्पा उडवतो आणि वर चार ओळी सार. बाकी कशाला समजावत बसायचं?

भोसरी_क्वालिटी: हे वाचून डोकंच फिरलं, म्हणून जरा लांब लिहितेय. आमच्याकडे हेच झालं होतं. साखळीत आमच्या साहेबांचं वाक्य होतं, "डाय आपण दुरुस्त करून घेऊ, खर्चाचं बघू." सारात गेलं, "आम्ही दुरुस्त करू." कस्टमरनं बिल आमच्या गळ्यात मारलं. ते 'आपण' म्हणजे दोघं मिळून. 'बघू' म्हणजे खर्चाचं ठरलेलंच नाही. गप्पा उडव, पण ज्या वाक्यावर पैसा किंवा तारीख टांगलीय ते मूळ मराठीत ठेव आणि खाली कोण, काय, कधी ते इंग्रजीत लिही. तारखांचंही तसंच. मंगळवार, १० तारखेच्या मेलमध्ये 'परवाचा लॉट' म्हणजे ८ चा की १२ चा? वाक्यात क्रियापद असेल तर कळतं, नुसतं 'परवाचा' असेल तर डिस्पॅचला विचारूनच लिहायचं.

दादरचा_दाद्या: 'आपण' म्हणजे दोघं? आमच्याकडे "आपण नाय देणार पैसे" म्हणजे मी नाही देणार!

भोसरी_क्वालिटी: ऑफिसच्या मेलमध्ये कोण असं लिहितं?

दादरचा_दाद्या: माझा बॉस. आणि कस्टमरला 'तुम्ही'ऐवजी 'आपण' लिहितात ते? "खर्च आपण करावा" म्हणजे तुमच्याच साहेबांनी बिल त्याच्यावर ढकललं!

भोसरी_क्वालिटी: तिथं 'करावा' आहे, इथं 'घेऊ' आहे. क्रियापद बघायचं कष्ट घे की! पुढच्या वेळी तुझ्या बॉसची सही घेऊन भाषांतर करते.

जुना_टायपिस्ट: फाँटचं कोणी बोलत नाही. जुन्या फाँटात टाइप केलेलं समोर नुसती अक्षरांची खिचडी दिसतं. मी तीन दिवस…

घाईतला_परचेसवाला: काका, मेल युनिकोडमध्येच आहेत.

कागद_जपणारा: एक अक्षरही कापू नका. उद्या वाद झाला तर म्हणतील, सोयीचं तेवढं ठेवलं.

भोसरी_क्वालिटी: अर्धं बरोबर. सगळी साखळी आपल्याकडे ठेवा, हवं तर. पण आमच्या सातव्या मेलमध्ये "९० सांगू, ८२ पर्यंत उतरू" असं लिहिलेलं. ते आकडे इंग्रजी येणाऱ्याला कळायला मराठी लागतं का?

कागद_जपणारा: मग तो मेल अख्खा काढा आणि 'मधला एक मेल वगळला' असं लिहा. मधूनच एखादी ओळ उडवली तर मात्र मी भांडणार.

घाईतला_परचेसवाला: बरं बाई, साराच्या चार ओळींच्या अकरा झाल्या. पण आमच्या साखळीतही एक "आपण बघून घेऊ" सापडलंय, आणि लिहिणारे साहेब आहेत मुंबईचे.

दादरचा_दाद्या: 😄 फोन लाव त्यांना.