तापीचं लेकरू, पण पटकन ओळखू येऊ नये असं: आयडीसाठी शब्द सुचवा

तात्पुरतं नाव
मंडळी, आमचं गाव शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर. पेनाने काढलेली चित्रं टाकायला वेगळा आयडी हवा आहे. नात्यातल्या कुणाला कळायला नको, पण मला स्वतःला माहीत असावं की यात तापी आहे. जुना, संस्कृतातून आलेला शब्द आवडेल. आतापर्यंत वहीत लिहिलेले: सूर्यकन्यातीर, तपनात्मजा, तापीतटवासी. तिन्ही मोठ्याने वाचून बघितले आणि तिन्ही खोडले. पहिलं एखाद्या मंगल कार्यालयाचं नाव वाटतं, दुसरं शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटिकेतलं, आणि तिसरं तर थेट निधनवार्तेतलं. हलकं काही निघेल का?

पांझराकाठ
भाऊ, सरळ ‘तापीकर’ ठेव ना. संस्कृतच्या भानगडीत कशाला?

तात्पुरतं नाव
तापीकर म्हटलं की आमच्या आत्याला पाच मिनिटांत कळेल. लपवायचं तिच्यापासूनच आहे.

जुनी वही
तुझे तिन्ही शब्द जड झाले ते संस्कृत आहेत म्हणून नाही. नदी, तीर, जल हे रोजचे शब्दही संस्कृतच आहेत. सांगायचं काय, की नुसता ‘तीर’ कुणाला जड वाटत नाही. जड वाटतो तो सांधा. सूर्य, कन्या, तीर असे तीन डबे जोडले की गाडी लांब होते, आणि शिवाय प्रत्येक डब्यावर पाटी असते. म्हणजे शब्द जडही झाला आणि लपलंही काही नाही.

लपवायचं असेल तर समास करू नकोस, प्रत्यय लाव. ‘ची मुलगी’, ‘चा मुलगा’ हे नातं संस्कृतात एका अक्षरात मावतं. अदितीचा आदित्य, दितीचा दैत्य. आदित्य नावाची पोरं गल्लोगल्ली आहेत, पण त्यात कुणाची आई बसली आहे हे किती जणांना दिसतं? तापीचं पुराणातलं नाव तपती, सूर्याची मुलगी. तपतीचा तो तापत्य.

आणि हा शब्द मी घडवलेला नाही. महाभारतात, आदिपर्वात, गंगेच्या काठी गंधर्वाशी अर्जुनाची लढाई होते. नंतर तो गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणून हाक मारतो. अर्जुन विचारतो, आम्ही कौंतेय आहोत हे माहीत आहे, पण तापत्य कसे? मग गंधर्व त्याला तपती आणि संवरण राजाची गोष्ट सांगतो. त्यांचा मुलगा कुरू, म्हणून सगळे कौरव-पांडव तापत्य. ज्याचं नाव त्यालाच कळलं नाही, याहून चांगलं लपलेलं नाव कुठे मिळेल?

पांझराकाठ
वा मॅडम. फोड अगदी सोपी आहे, ताप अधिक अपत्य. तापाचं, म्हणजे उन्हाचं अपत्य. सूर्याचं नातंही जुळलं.

जुनी वही
अर्थाच्या जवळ गेलात, पण फोड चुकली. ताप आणि अपत्य जोडले तर मधला ‘अ’ मागच्या ‘अ’त मिसळून ‘तापापत्य’ होईल, एक ‘पा’ जास्तीचा. इथे ‘अपत्य’ हा शब्दच नाही. तपतीच्या पहिल्या अक्षराचा ‘त’ लांबून ‘ता’ झाला आणि शेवटच्या ‘ती’चा ‘त्य’ झाला, बस. हीच गंमत आदित्यमध्ये आहे, ‘अ’चा ‘आ’ आणि ‘ती’चा ‘त्य’. पण तुमची चुकीची फोड याला फायद्याचीच आहे. वाचणारा ‘अपत्य’पाशी थांबेल, पुढे खणणार नाही.

मधला बर्थ
माझा प्रश्न वेगळा आहे पण इथेच विचारतो. मलाही आयडी करायचा आहे, त्यात माझं जन्मसाल १९८७ लपवायचं आहे. नावापुढे 87 लावलं तर सगळ्यांना वय कळतं. संस्कृतात आकड्यांचे शब्द असतात ना?

पांझराकाठ
बर्थभाऊ, गाडी चुकली तुमची. इथे नदी चालू आहे.

जुनी वही
असू द्या, प्रश्न चांगला आहे. आपल्या खानदेशाशी नातं असलेला आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. त्या भास्कराचार्यांनी स्वतःचं जन्मसाल ‘रसगुणपूर्णमही’ असं सांगितलंय. रस ६, गुण ३, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती १. आकडे उलटे वाचायचे: शके १०३६, इसवी सन १११४. पण आयडी म्हणून हे परत लांबच डब्यांची गाडी.

हलकं हवं तर कटपयादी घ्या. क, ट, प, य या चारही अक्षरांना १ धरायचं आणि तिथून वर्णमालेत पुढे मोजत जायचं. ट पासून मोजलं की द येतो आठवा, य पासून मोजलं की स सातवा. काना-मात्रा कुठलीही लागली तरी आकडा तोच. इथेही आकडे उजवीकडून वाचायचे. तुमच्या ८७ ला आधी ७ मग ८, म्हणजे स आणि द. साद. रोजचा मराठी शब्द, कुणाला संशय येणार नाही. पूर्ण १९८७ चा हट्ट धरलात तर स, द, ध, क घेऊन ‘सदाधिक’ होईल, आणि लोक विचारतील की दिवसातून किती चमचे घ्यायचं.

मधला बर्थ
😂 साद घेतला. मिळतोय का बघतो. (नाही मिळत. कुणीतरी आधीच घेतलाय. सादा आणि सुदी पण त्याच आकड्याचे होतात ना? बघतो.)

तात्पुरतं नाव
मॅडम, तापत्य खूपच आवडला. पण एक घोळ झाला. आयडी रोमन अक्षरांतच घ्यावा लागतो. `tapatya` टाईप केलं, चुलतभावाला नुसतं स्क्रीनवर दाखवलं आणि विचारलं, हे काय असेल? तो एका दमात म्हणाला, “तापट्या.” वर विचारलं, कोण एवढं तापट आहे?

पांझराकाठ
हाहाहा. बाळ्या, गण्या, तापट्या. बरोबरच वाचलं त्याने. रोमनमध्ये त आणि ट एकच.

जुनी वही
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमची सगळी वर्षं फळ्यावर देवनागरीत गेली. मराठी माणसाला शेवटी ‘त्या’, ‘ट्या’ दिसलं की त्यात टोपणनाव ऐकू येतं, आणि तेही चिडवायचं. दोन a लावून `taapatya` केलं तरी शेवट तसाच राहणार.

मग दुसरा प्रत्यय घेऊ. आईच्या नावावरून मुलाचं नाव करायची संस्कृतातली नेहमीची रीत ‘एय’ची आहे. कुंतीचा कौंतेय, गंगेचा गांगेय, राधेचा राधेय. तपतीला सोडून थेट तापी घेतली तर तापेय. जोडाक्षर एकही नाही. राधेयमध्ये जसा ‘रा’ मुळातच दीर्घ, तसा इथे ‘ता’ आधीच दीर्घ आहे, त्यामुळे पहिलं अक्षर बदलत नाही. त्यात तोटाही आहे. कौंतेयमध्ये ‘कु’चा ‘कौ’ झाल्यामुळे कुंती थोडी आड जाते. इथे ‘ताप’ उघडा राहतो.

पांझराकाठ
तापेय म्हणजे तापावरचं पेय वाटतं मला. गुळवेलीचा काढा.

जुनी वही
छान! म्हणजे पेटीला खोटा तळ मिळाला. वाचणारा ‘पेय’ धरून बसेल.

कपाशीवाली
मी जरा आडवं बोलते. तपती राणी झाली आणि तिला कुरू झाला ही महाभारतातली गोष्ट. तीच आपली नदी असं पुराणं सांगतात. पण नदीचं ‘अपत्य’ म्हणून एखाद्या माणसाने स्वतःला तापेय म्हणवणं जरा जास्तच नाही का? गांगेय म्हणजे भीष्म. आपण कोण? मुलताईचं बघा, मूळ नाव मूलतापी, तिथूनच नदी निघते. लोकांनी बोलून बोलून त्याचं मुलताई केलं. मला असं झिजलेलं नाव जास्त आपलं वाटतं. नुसतं ‘ताई’ ठेवलं तरी त्यात तापी आहे की.

जुनी वही
‘ताई’ची कल्पना माझ्यापेक्षा सरस आहे हे मान्य. पण तो आयडी मिळणार नाही, आणि मिळाला तर रोज पन्नास जण “ताई, रेट काय?” विचारतील. भीष्माबद्दल म्हणाल तर, ‘एय’ लावायला पराक्रम लागत नाही, आई लागते.

कपाशीवाली
व्याकरणाला चालेल हो. कानाला मला अजून मोठंच वाटतं.

तात्पुरतं नाव
काल आत्याकडे जेवताना मुद्दाम म्हटलं, “आत्या, तापेय हा शब्द कसा वाटतो?” ती भाकरी थापता थापता थांबली, पिठाचा हात तसाच कपाळाला लावून बघितला आणि म्हणाली, “तुले ताप उना का?” तापी तिच्या डोक्यातही आली नाही. आमच्या अंगणातून नदी दिसते, तरी.

दुसरी परीक्षा बसस्टँडसमोरच्या दुकानात. चित्रांच्या पाकिटांवर लावायला स्टिकर छापायचे होते. फोनवरून फक्त उच्चार सांगितला, स्पेलिंग नाही. त्याने पहिल्या फटक्यात लिहिलं `tapeya`. नंतर विचारलं, “सरबताचा धंदा काय?” आयडी मोकळा होता, घेऊन टाकला.

मधला बर्थ
अभिनंदन भाऊ. माझा सुदी पण गेलेला आहे. ८७ साली जन्मलेले सगळे कटपयादीवालेच दिसतात.

जुनी वही
एक राहिलं. तापेय पुल्लिंगी आहे. मुलगी असेल तर व्याकरणाने तापेयी. पांझराकाठ आणि बर्थ दोघे तुला ‘भाऊ’ म्हणताहेत, पण मी आज तुझं सगळं लिखाण पुन्हा वाचलं. एकदाही ‘गेलो’ नाही की ‘गेले’ नाही. ‘टाईप केलं’, ‘दाखवलं’, ‘छापायचे होते’, ‘घेऊन टाकला’. मराठीत एवढं लिहून हे जमवणं सोपं नाही. मग, तापेय की तापेयी?

तात्पुरतं नाव
मॅडम, स्टिकर छापून झाले आहेत.