मदत हवी आहे: कंपनीच्या एचआरला ग्रूमिंगचं वर्कशॉप कसं विकायचं? (बडोदा)

दांडियाबाजारची_ताई

नमस्कार मंडळी, मी दहा वर्षं पार्लर चालवलं आणि गेली दोन वर्षं कॉलेजच्या मुलामुलींसाठी ग्रूमिंगच्या बॅचेस घेते, त्या बऱ्या चालतात. आता ओळखीतून मंजुसर जीआयडीसीतल्या एका मशिनरीच्या कंपनीत विचारणा झाली, २४ सर्व्हिस इंजिनियर आहेत, सगळे पोरगेच. मी जोशात बारा पानी पीपीटी पाठवली, स्किन टाइप, चेहऱ्याचा आकार, रंगसंगती, पॉवर ड्रेसिंग, काटे-चमच्याने कसं खायचं, सगळं घातलं. एचआर मॅडमचा फोन आला तर पहिलाच प्रश्न, "बेन, पर हेड शुं रेट छे? ने एक वार फ्री डेमो करी आपो ने." मी गडबडीत ३०० म्हणून बसले. आता आठ दिवस झाले, काहीच हालचाल नाही. पीपीटीत काय चुकलं, फी किती सांगायची, आणि फॅक्टरीत जाऊन घ्यायचं तर काय काय बघायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

रावपुऱ्याचा_बंड्या

ताई ३०० फार कमी आहेत हो, माझ्या भाच्याच्या लग्नात ग्रूमचं पॅकेज साडेचार हजाराला पडलं आणि त्यात फेशियल पण नव्हतं 😄 तुम्ही डिसेंबरात बुकिंग घेता का?

दांडियाबाजारची_ताई

बंड्याभाऊ, नवरदेवाचं नाही हो, कंपनीतल्या लोकांना टापटीप राहण्याचं ट्रेनिंग 🙏

निवृत्त_पर्सोनेल

ताई, बावीस वर्षं कारखान्यांत एचआर केलंय, त्यावरून सांगतो, पटेल ते घ्या. एचआरला ग्रूमिंग नको असतं, तिच्या डोक्यावर कोणाची तरी तक्रार बसलेली असते ती उतरवायची असते. कस्टमरने सेल्स हेडला सुनावलेलं असतं की तुमचा माणूस आला तर मीटिंग रूममध्ये बसवत नाही, घामाचा वास येतो, शर्ट बाहेर. त्यामुळे पीपीटी पाठवायच्या आधी एकच विचारा, "मॅडम, तक्रार कोणी केली आणि नेमकी कशाची?" उत्तर मिळालं की निम्मा कार्यक्रम तयार. आणि शक्य असेल तर एकदा सकाळी गेटवर अर्धा तास उभ्या राहून माणसं बघून या.

सर्व्हिस इंजिनियरचं म्हणाल तर बहुतेक वेळा गोष्ट वासाचीच निघते, फक्त कोणी तोंडाने बोलत नाही. तिथे परफ्यूमवर घसरू नका. टेरीकॉटच्या युनिफॉर्ममध्ये वास अडकून बसतो, सुती कपड्यासारखा धुऊन जात नाही, वरून डिओ मारला की दोन्ही वास मिळून तिसराच तयार होतो. घाम कमी करणारं रोल-ऑन रात्री झोपताना कोरड्या त्वचेवर लावलं तर जास्त काम करतं, हे पोरांना माहीत नसतं, सकाळी आंघोळ झाल्या झाल्या ओल्या अंगावर लावतात आणि म्हणतात उपयोग नाही. आत सुती बनियन, दोन दिवसांच्या साइटला मोज्यांचे तीन जोड, प्रवासात शर्ट कसा घडी घालायचा, कस्टमरच्या केबिनमध्ये शिरण्याआधी दोन मिनिटांत बाथरूममध्ये काय काय करायचं, हे सांगा. काटे-चमचे सोडून द्या.

पण एक मर्यादा आधीच सांगून ठेवा. कंपनी वर्षाला दोनच जोड युनिफॉर्म देत असेल आणि पोरगा चार-चार दिवस साइटवर असेल तर तुमच्या वर्कशॉपने काही होणार नाही. हे एचआरला आधी बोललात तर चिडत नाही उलट, माणूस कामाचा आहे असं तिला वाटतं.

फीचं. पर हेड कधीही सांगू नका, बॅचवर सांगा. तुमचाच हिशोब करू. मदतनीस २,०००, प्रत्येकाला कंगवा-रोल-ऑन-नेलकटरचं पाऊच १५० प्रमाणे २४ जणांचे ३,६००, गाडी १,५००, छपाई ४००, म्हणजे ७,५०० खर्च. तुमच्या ३०० रेटने २४ जणांचे ७,२०० होतात, घरातून ३०० घालून शिकवणार. आणि सर्व्हिसवाले म्हणजे आदल्या रात्री दहा जणांना साइटवरून फोन येणार, आले १४ तर बिल ४,२०० चं आणि पाऊच तुम्ही २४ आणलेले. त्यापेक्षा २५ जणांपर्यंतची एक बॅच, तीन तास, १८,००० असं सांगा, येवोत न येवोत. प्रश्न जाणून घ्यायला गेलेला अर्धा दिवस त्यातच धरा.

हिशोबी_माणूस

काकांचं बरोबर पण एक राहिलं, टीडीएस १० टक्के कापतात, तेव्हा १८ चे २० करा म्हणजे हातात १८ येतील. आणि छोट्या धंद्यांसाठीची उद्यम नोंदणी काढा ताई, मग ४५ दिवसांत पैसे येतातच, कायदाच आहे.

निवृत्त_पर्सोनेल

अर्धं बरोबर. एका कंपनीकडून वर्षाला ५० हजारांच्या आत असेल तर प्रोफेशनल फीवर सहसा कापत नाहीत, चार बॅच होऊन ७२ हजार झाले की ७,२०० कापतील, पण ते रिटर्न भरताना हिशोबात मिळतातच, त्यासाठी रेट कशाला वाढवायचा. आणि ४५ दिवस लेखी करार असेल तर, नसेल तर १५च. "येतातच" मात्र नाही हो. अकाउंट्सवाला काम झाल्याची नोंद झाल्यापासून मोजतो, ती नोंदच महिना पडून राहते. म्हणून पीओ, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर, हातात आल्याशिवाय तारीख पक्की करू नका, आणि त्याच दिवशी हजेरीपत्रकावर एचआरची सही घेऊन बिलाला जोडा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नंबर नसेल तर बिलावर जीएसटी लावू नका, लोक कौतुकाने लावतात आणि अडकतात.

कोरडी_भाकरी

मी सॉफ्ट स्किल्सचं करते, काकांनी एक गोष्ट सोडली ती सांगते. फ्री डेमो द्या, पण ४० मिनिटं, आणि फक्त एचआर व सेल्स हेडला. पोरांना आधी फुकट दिलात की मग कोण पैसे देतंय, मी एकदा असंच अख्खं सेशन "डेमो" म्हणून देऊन बसले आहे 😑 आणि ताई तुम्हाला पार्लरची सवय आहे म्हणून सांगते, कोणाला पुढे बोलावून केसांना, चेहऱ्याला हात लावू नका, "हा बघा कसा दिसतो" तर चुकूनही नको. रंग, वजन, टक्कल यावर एक शब्द नाही. दाखवायचं ते मदतनिसावर दाखवा. वस्तरा वगैरे तर सामायिक नकोच.

दांडियाबाजारची_ताई

सगळ्यांचे आभार. काल धीर करून मॅडमना फोन केला, तक्रार कोणाची विचारलं, तर जरा वेळ गप्प, मग म्हणाल्या की एका कस्टमरने दोघांना परत पाठवलं होतं. कारण वास नाही हो काका, दाढी! केमिकल प्लांट होता, मास्क नीट बसत नाही म्हणून गेटवरच अडवलं.

निवृत्त_पर्सोनेल

अरे वा, म्हणजे मी वासावर पैज हरलो. बरोबर आहे, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क दाढीवर हवा धरत नाही, कडेनं गळती होते. पण मग हा विषय तुमचा नाही ताई, तो सेफ्टी ऑफिसरचा. त्यांना पंधरा मिनिटं बोलू द्या, तुम्ही फक्त रोज दाढी करताना चामडी सोलू नये, केस कातडीच्या आत वाढू नयेत ते शिकवा.

दांडियाबाजारची_ताई

तेच म्हणते. पण त्यातला एक पोरगा धर्मासाठी दाढी ठेवतो, मॅडम म्हणतात त्याला तुम्हीच समजवा. मी नाही म्हटलं तर ऑर्डर जाईल का?

कोरडी_भाकरी

समजावू नका. त्याला दुसऱ्या साइटवर पाठवायचं की सैल हूडचा मास्क घ्यायचा ते कंपनी ठरवेल.

दांडियाबाजारची_ताई

तसंच लिहून पाठवलंय, १८,००० च्या कोटेशनसोबत. दाढीबद्दल उत्तर नाही, पण विचारलंय की तीन तास एकदम नको, कँटीनची सुट्टी १२:३० ला आहे, दीड-दीड तासाचे दोन भाग करता येतील का आणि मोठा आरसा तुम्ही आणाल का. आरसा रिक्षातून नेलाय का कोणी?