लेग स्पिन शिकणाऱ्याला चूक केव्हा सांगावी: चेंडू टाकताक्षणी, थोड्या वेळाने, की षटक संपल्यावर?

पार्ल्याचा पालक: माझी ११ वर्षांची मुलगी चार महिन्यांपासून लेग स्पिन शिकते आहे. मुलगा १६ वर्षांचा असून क्लबकडून खेळतो. दोघांचे प्रशिक्षक वेगळे आहेत. तिचे प्रशिक्षक चेंडू हातातून सुटताच ओरडून चूक सांगतात, तर त्याचे प्रशिक्षक अख्खे षटक गप्प राहतात. यात बरोबर कोण? आणि पातळी वाढते तशी ही वेळ बदलावी का?

मैदानावरचा जुना कोच: बरोबर तिचे प्रशिक्षक आहेत, आणि हे मी दोघांच्याही बाबतीत म्हणतो. शिवाजी पार्कच्या नेटमध्ये मी अनेक वर्षे मुले घडवली आहेत. मनगट एकदा चुकीच्या पद्धतीने फिरू लागले आणि तसेच दोनशे चेंडू पडले, की ती सवय मोडायला सहा महिने जातात. चूक डोळ्यांसमोर असतानाच सांगितली, तरच मुलाला कळते की बोलणे कोणत्या चेंडूबद्दल चालले आहे. षटक संपल्यावर 'तिसरा चेंडू चुकला' असे सांगितले तर कोणाला काय आठवणार?

परळची फिजिओथेरपी शिक्षिका: सरांची भीती निराधार नाही, परंतु 'लगेच' या एका शब्दात दोन प्रश्न मिसळले आहेत. हालचाल संपल्यावर किती सेकंदांनी सांगायचे हा एक, आणि किती चेंडूंमागे एकदा सांगायचे हा दुसरा.

पहिल्याबाबत माझे उत्तर दोन्ही मुलांसाठी एकच आहे: चेंडू हवेत असताना बोलू नये. चेंडू सुटल्यावर मनगट, बोटे आणि खांदा यांची जाणीव काही क्षण ताजी असते, आणि 'आत्ता माझे काय झाले' हे शिकणारा त्याच क्षणांत स्वतःशी जुळवत असतो. तेवढ्यात बाहेरून उत्तर मिळाले, तर हे जुळवणे अर्धवट राहते. स्विनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रयोगांतून दाखवले, की हालचाल संपताक्षणी निकाल कळणाऱ्यांपेक्षा काही सेकंदांनी कळणाऱ्यांचे शिकणे अधिक टिकले, आणि त्या मधल्या वेळात आपल्या चुकीचा स्वतः अंदाज बांधणाऱ्यांनाही त्याचा लाभ झाला. नेटमध्ये चार-पाच गोलंदाज आळीपाळीने टाकत असल्यामुळे ही सवड आपोआप मिळते. मुलगी चेंडू टाकून परत वळली, की चार-पाच सेकंदांनी सांगावे, आणि पुढच्या रन-अपला निघण्याच्या बेतात असताना पुन्हा काही भर घालू नये.

दुसऱ्या प्रश्नात मात्र दोन मुलांचे मार्ग वेगळे होतात. मुलीला अजून बरोबर चेंडू हातातून सुटताना कसा लागतो हेच ठाऊक नाही, त्यामुळे तिच्या अंदाजावर सोडून चालणार नाही. तिला जवळजवळ प्रत्येक चेंडूनंतर सांगावे, परंतु एकच गोष्ट सांगावी. मुलाला ती ओळख झालेली आहे. त्याला प्रत्येक चेंडूनंतर सांगितले, तर तो सरांच्या आवाजावर टेकून गोलंदाजी करील. आझाद मैदानावर शेजारी-शेजारी सामने चालू असतात, तिथे कोणाचा आवाज पोहोचणार?

घाटकोपरकर: माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायाम शिकवणाऱ्या ताई प्रत्येक वेळी हात लावून पाय सरळ करून देत असत, आणि घरी आल्यावर मला काहीच जमत नसे. त्यामुळे माझे मत असे, की मोबाइलवर चित्रण करावे आणि मुलालाच संथ गतीने दाखवावे. मग प्रशिक्षकाने बोलण्याचा प्रश्नच उरत नाही.

परळची फिजिओथेरपी शिक्षिका: आपला अनुभव अगदी बोलका आहे, पण चित्रण हाही बाहेरूनच आलेला निकाल आहे. प्रत्येक चेंडूनंतर पडदा दाखवला, तर आवाजाऐवजी पडद्याची सवय लागेल, इतकेच.

मैदानावरचा जुना कोच: बाई, तुमचे प्रयोग मी माझ्या मुलाच्या वाचनातून ऐकले आहेत. त्यांत माणसे खुर्चीत बसून एक दांडा सरकवतात. लेग स्पिनमध्ये धाव, उडी, पुढचा हात, खांदा आणि मनगट हे सगळे एका क्षणात जुळावे लागते. दांड्याचा नियम इथे कसा लावता?

परळची फिजिओथेरपी शिक्षिका: हा आक्षेप खरा आहे. विन्स्टाइन आणि श्मिट यांच्या १९९० च्या ज्या प्रयोगावर मी भर देते, त्यात निकाल सरासरी निम्म्याच वेळा मिळालेला गट दुसऱ्या दिवशी सरस ठरला, आणि तिथे हालचाल दांड्याचीच होती. उलट वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली स्कीच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर पाहिले, तेव्हा प्रत्येक वेळी निकाल मिळणारा गट पुढे राहिला. मुलांबाबतही सलिव्हन यांच्या २००८ च्या कामात हेच दिसले: निकाल कमी केल्याने प्रौढांना फायदा झाला, मुलांना झाला नाही. म्हणून मुलीच्या बाबतीत मी सरांच्या बाजूने आहे, फक्त त्यांनी ते चार सेकंद तेवढे थांबावे.

मुलासाठी मी ३६ चेंडूंचा सराव असा लावीन. पहिल्या षटकात प्रत्येक चेंडूनंतर आधी त्याने सांगायचे, 'शिवण स्लिपकडे झुकली होती' किंवा 'मनगट वरून आले', आणि मगच प्रशिक्षकांनी आपले मत द्यायचे. टप्पा त्याला स्वतःला दिसतोच, तो सांगण्यात वेळ घालवू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या षटकात षटक संपल्यावरच बोलायचे. चौथ्या आणि पाचव्यात सलग दोन चेंडूंत तीच चूक झाली तरच बोलायचे. सहावे षटक पूर्ण शांततेत. मात्र पहिल्या षटकात सहापैकी तीन-चार वेळा त्याचा अंदाज चुकला, तर तो अजून या टप्प्याला आलेला नाही असे समजून पुढचे सगळे मागे घ्यावे. हे आकडे माझे आहेत, कोणत्याही प्रयोगाचे नाहीत. कसोटी त्याच दिवशी घेऊ नये. पुढच्या सरावाचे पहिले षटक कोणी काही न बोलता टाकू द्यावे, आणि खुणेच्या पट्ट्यात किती चेंडू पडले ते मोजावे. सतत सांगितल्याने त्या दिवशीची गोलंदाजी अनेकदा छान दिसते, आणि फसगत तिथेच होते.

मैदानावरचा जुना कोच: सलग दोन चेंडूंची अट मला पटली. एका चुकलेल्या चेंडूवरून ओरडणे हे माझेही चुकतेच, कारण एक चेंडू कोणाचाही घसरतो. मात्र मनगटाबद्दल मुलगा स्वतः खरे सांगेल, यावर माझा विश्वास नाही.

कांगा लीगचा माजी लेग स्पिनर: त्यासाठीच आम्ही अर्धा लाल, अर्धा पांढरा चेंडू वापरत होतो. शिवण डगमगली की रंग मिसळून गुलाबीसर दिसतात आणि कोणाला विचारावे लागत नाही. मात्र पावसाळ्यातल्या सामन्यात साधा ओला चेंडू हातात आला, की पहिली दोन षटके मला बिचकायला होई. त्यामुळे तो रंगीत चेंडू मदत होता की कुबडी, हे मला आजही सांगता येत नाही.

परळची फिजिओथेरपी शिक्षिका: तोही ताबडतोब मिळणारा निकालच आहे, म्हणून मी तो पहिल्या षटकापुरता ठेवीन. पण रंग पाहण्याआधी अंदाज उच्चारला, तर त्याचा तोटा किती उरतो, याचे उत्तर माझ्याकडेही नाही.

पार्ल्याचा पालक: काल मुलाचे पहिले षटक या पद्धतीने टाकून पाहिले. सहापैकी चार अंदाज चित्रणाशी जुळले नाहीत. त्याच्या प्रशिक्षकांना हे कसे सांगावे, या विचारात आहे.